विश्लेषण : इटालियन गोष्टीतला ‘दूरचा भूतकाळ’ मराठीत कसा आणायचा? त्यासाठी इंग्रजीचा वळसा का टाळायचा?

इटालियन भाषेतले जुने गद्य, म्हणजे मान्झोनीची कादंबरी, मॅझिनीच्या आठवणी किंवा कोल्लोदीचा ‘पिनोकिओ’, वाचायला घेतले की पहिल्याच पानावर दोन काळ भेटतात. वर्गात ते सर्वात शेवटी शिकवले जातात आणि बोलण्यात फारसे कानावर पडत नाहीत. त्यांची नावे पास्सातो रेमोतो आणि त्रापास्सातो रेमोतो. अर्थ अनुक्रमे ‘दूरचा भूतकाळ’ आणि ‘दूरच्या भूतकाळाआधीचा भूतकाळ’. नावे ऐकून वाटते तेवढे हे अवघड नाहीत. पण ते मराठीत आणताना आपण बहुतेकदा इंग्रजी अनुवाद शेजारी ठेवतो आणि मराठीकडे मुळात असलेली सोय वापरायची राहून जाते. हे कसे घडते आणि ते कसे टाळता येते, याचे हे विश्लेषण.

हा प्रश्न पडला कुठून?

इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षी इटलीत पुढे शिकायला जायचे डोक्यात होते, म्हणून अंधेरीच्या एका क्लासला मी इटालियन शिकले. जाणे झाले नाही, भाषा राहिली. रोज मुलुंड ते दादर लोकलमध्ये फोनवर जुनी पुस्तके वाचायची सवय लागली. एकदा एका जुन्या गोष्टीचे अर्धे पान मराठीत उतरवले आणि घाटकोपरला आजीला वाचून दाखवले. अडेल तिथे मी इंग्रजी अनुवाद पाहिला होता. त्यात ‘हॅड’ दिसला की मी ‘होता’ लिहिले होते. तो आला होता, त्याने पत्र वाचले होते, तो उठला होता.

आजीने शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, ‘‘अगं, हे सगळं आधीच होऊन गेलं होतं, तर मग गोष्ट सुरू कधी झाली?’’

व्याकरणाच्या पुस्तकातून जे कळले नव्हते ते या एका प्रश्नातून कळले. मराठीत ‘आला’ म्हटले की गोष्ट एक पाऊल पुढे सरकते. ‘आला होता’ म्हटले की ऐकणारा थांबतो आणि मागची माहिती मिळते आहे असे समजून पुढच्या घटनेची वाट पाहतो. मी ती पुढची घटना कधी आणलीच नव्हती.

‘दूरचा’ म्हणजे किती दूरचा?

पहिला गैरसमज नावातूनच होतो. रेमोतो म्हणजे दूरचा, तेव्हा हा काळ शेकडो वर्षांपूर्वीच्या घटनांसाठी असेल, असे वाटते. तसे नाही. इटलीच्या दक्षिणेत, विशेषतः सिसिलीत, कालपरवाची गोष्ट सांगतानाही लोक हा काळ वापरतात. उत्तरेत मिलान किंवा तोरीनोच्या बोलण्यात मात्र तो जवळपास नाही. तिथे आजोबांच्या लहानपणाची गोष्टही पास्सातो प्रोस्सिमोत, म्हणजे ‘जवळच्या’ भूतकाळात, सांगितली जाते. म्हणजे फरक वर्षांच्या अंतराचा नाही. घटना सांगणाऱ्याच्या आजपासून तोडलेली आहे की आजशी जोडलेली, याचा तो फरक आहे.

लिखित कथनात मात्र देशभर पास्सातो रेमोतोच चालतो. कथा-कादंबरीत तो निवेदनाचा अगदी साधा, तटस्थ काळ आहे. ‘दार उघडले, म्हातारा आत आला, खुर्चीवर बसला’, एवढेच काम तो करतो. त्यात प्राचीनतेचा वास नाही. म्हणून मराठीत त्यासाठी ‘आला, बसला, म्हणाला’ हा साधा भूतकाळ पुरतो. ‘जाहला’, ‘वदला’ अशी रूपे आणली तर मूळ लेखकाने न घातलेला जुनेपणा आपण वरून चढवतो. इंग्रजीतही इथे साधा भूतकाळच योग्य.

क्रियापद ओळखायचे कसे?

वाचणारा पहिल्यांदा अडतो तो अर्थापाशी नव्हे, शब्दकोशापाशी. पानावर ‘नाक्वे’ दिसते, पण कोशात असते ‘नाश्शेरे’, म्हणजे जन्मणे. ‘फेचे’ हे ‘फारे’चे, म्हणजे करणे या क्रियापदाचे रूप. ‘ताक्वे’ हे ‘ताचेरे’चे, म्हणजे गप्प राहणे. रूप इतके बदलते की मूळ धातू हाती लागत नाही.

यात एक साचा आहे. पास्सातो रेमोतोत क्रियापदाची सहा रूपे होतात आणि अनियमित क्रियापदांत बहुधा त्यातली तीनच बिघडतात : मी, तो किंवा ती, आणि ते. लिहिणे म्हणजे ‘स्क्रिवेरे’. त्याची रूपे अशी : मी ‘स्क्रिस्सी’, तू ‘स्क्रिवेस्ती’, तो ‘स्क्रिस्से’, आम्ही ‘स्क्रिवेम्मो’, तुम्ही ‘स्क्रिवेस्ते’, ते ‘स्क्रिस्सेरो’. तू, आम्ही आणि तुम्ही या रूपांत मूळ धातू शाबूत आहे. म्हणून एखाद्या क्रियापदाचे ‘मी’ रूप पाठ असले की उरलेली दोन बिघडलेली रूपे आपोआप ओळखू येतात. असणे, देणे, उभे राहणे अशी मोजकी क्रियापदे या साच्यात बसत नाहीत; ती वेगळी पाठ करावी लागतात. कथनात सतत लागणारी वीस-पंचवीस क्रियापदे एका कागदावर उतरवून घेतली तर पुढचे वाचन बरेच सुकर होते.

दुसरा सापळा आघाताचा. ‘पार्लो’ या शब्दात जोर पहिल्या अक्षरावर असेल तर अर्थ ‘मी बोलतो’. जोर शेवटच्या ‘लो’वर असेल तर अर्थ ‘तो बोलला’. इटालियन लिपीत हा फरक शेवटच्या स्वरावरच्या एका तिरक्या रेघेने दाखवतात. देवनागरीत तर तो दिसतही नाही. जुन्या छापील पुस्तकांच्या स्कॅनवरून तयार केलेल्या मजकुरात ही रेघ बऱ्याचदा गळते. तृतीयपुरुषी गोष्ट चालू असताना मध्येच ‘मी’ उपटला तर समजावे की रेघ हरवली आहे, आणि मूळ पानाचे चित्र उघडून पाहावे.

तिसरा सापळा फक्त जुन्या गद्यातला आहे. इटालियनमध्ये आणखी एक भूतकाळ आहे, इम्पेर्फेत्तो. चालू असलेली क्रिया, सवय किंवा वर्णन यांसाठी. आज ‘मी होतो’ याला ‘एरो’ म्हणतात आणि ‘तो होता’ याला ‘एरा’. पण एकोणिसाव्या शतकातल्या गद्यात ‘मी होतो’ यासाठीही ‘एरा’ सर्रास आढळते. इटालियन कर्ता अनेकदा गाळते. त्यामुळे आत्मचरित्र वाचताना ‘मी’चा ‘तो’ होणे अगदी सोपे. एखाद्या वाक्यात अचानक अनोळखी ‘तो’ आला, तर आधी हा जुना प्रत्यय आठवावा.

आणि त्रापास्सातो रेमोतो?

हा काळ दोन शब्दांचा. पुढे ‘एब्बे’ किंवा ‘फू’ यांसारखे सहायक क्रियापद आणि मागे मुख्य क्रियापदाचे धातुसाधित. ‘एब्बे लेत्तो’ म्हणजे वाचून झाले, ‘फू आर्रिवातो’ म्हणजे येऊन पोचला. हा काळ सहसा एकटा येत नाही. त्याच्या आधी ‘जेव्हा’, ‘नंतर’ किंवा ‘होताच’ अशा अर्थाचा शब्द असतो आणि त्याच्या जोडीच्या मुख्य वाक्यात पास्सातो रेमोतो असतो. एक क्रिया पूर्ण झाली आणि लगेच दुसरी घडली, एवढाच क्रम तो सांगतो. पार्श्वभूमी सांगायचे काम त्याचे नाही. ‘तीन वर्षांपूर्वी त्याचे वडील वारले होते’ अशा माहितीसाठी इटालियनमध्ये त्रापास्सातो प्रोस्सिमो हा निराळा काळ आहे, आणि आपला ‘होता’ त्याला बरोबर जुळतो.

इथे दोन चुका नेहमी होतात. पहिली ‘फू’ची. ‘फू आर्रेस्तातो’ हे दिसायला ‘फू आर्रिवातो’सारखेच, पण ते त्रापास्सातो रेमोतो नव्हे. ‘त्याला अटक झाली’ असा तो साधा कर्मणी प्रयोग आहे. ओळखायची खूण सोपी आहे. क्रियापद सकर्मक असेल, म्हणजे कोणीतरी कोणाला तरी ते करू शकत असेल, तर ‘फू’ कर्मणी प्रयोगाचा. येणे, जाणे, निघणे, पोचणे अशी अकर्मक क्रिया असेल तर ‘फू’ त्रापास्सातो रेमोतोचा. ‘अटक होऊन गेल्यावर’ असे म्हणायचे असेल तर इटालियनमध्ये मध्ये आणखी एक शब्द लागतो : ‘फू स्तातो आर्रेस्तातो’.

दुसरी चूक ‘पोइके’ या शब्दाची. आजच्या इटालियनमध्ये त्याचा अर्थ ‘कारण’ किंवा ‘म्हणून’. जुन्या गद्यात तोच शब्द ‘नंतर’ या अर्थानेही येतो. ‘पोइके एब्बे लेत्तो’ याचा अर्थ ‘वाचले म्हणून’ असा लावला तर लेखकाने न सांगितलेले कारण आपण गोष्टीत घुसडतो. ‘पोइके’च्या पुढे त्रापास्सातो रेमोतो दिसला तर आधी ‘वाचून झाल्यावर’ हा अर्थ लावून पाहावा. बहुतेकदा तोच बसतो.

कधीकधी हा काळ स्वतंत्र वाक्यातही येतो, पण मग सोबत ‘क्षणात’, ‘बघता बघता’ असा शब्द असतो. ‘इन उन आत्तिमो एब्बे फिनितो’ म्हणजे ‘एका क्षणात त्याने संपवून टाकले’. इथे मराठीचे ‘टाकणे’ हे सहायक क्रियापद फार उपयोगी पडते. इंग्रजीत यासाठी वेगळी कसरत करावी लागते.

मग इंग्रजीच्या वळशात काय हरवते?

एक छोटा उतारा घेऊ. तो कोणत्याही पुस्तकातला नाही, समजावण्यासाठी मीच जुळवला आहे.

‘आप्पेना एब्बे लेत्तो ला लेत्तेरा, लुओमो सी आल्त्सो, आन्दो आल्ला फिनेस्त्रा ए ग्वार्दो इल मारे. ले बार्के तोर्नावानो आल त्रामोन्तो. क्वेल्ला सेरा नॉन तोर्नो नेस्सुनो.’

यात पत्र वाचून होताच एक माणूस उठतो, खिडकीशी जातो आणि समुद्राकडे पाहतो. पुढच्या दोन वाक्यांत एकच क्रियापद दोन काळांत आहे. ‘तोर्नावानो’ हा इम्पेर्फेत्तो : होड्या सूर्यास्ताला परत येत, हा रोजचा शिरस्ता. ‘तोर्नो’ हा पास्सातो रेमोतो : त्या संध्याकाळी कोणीही परतले नाही, ही एकदाच घडलेली घटना. सगळा धक्का या दोन काळांच्या फरकात आहे.

आता हाच उतारा सरळ इंग्रजीत न्या. दोन्ही क्रियापदांचे ‘केम बॅक’ होते. सावध इंग्रजी अनुवादक पहिल्या ठिकाणी ‘वुड कम बॅक’ किंवा ‘यूज्ड टू’ लिहील, पण साधा भूतकाळ लिहिला तरी इंग्रजीत ती व्याकरणाची चूक ठरत नाही, कारण इंग्रजीचा साधा भूतकाळ सवय आणि एकदाची घटना अशी दोन्ही ओझी वाहतो. असा इंग्रजी मजकूर मराठी अनुवादकाच्या हाती आला की तो लिहितो : ‘होड्या सूर्यास्ताला परत आल्या. त्या संध्याकाळी कोणीच परत आले नाही.’ वाचणारा गोंधळतो. आल्या की नाही आल्या? अनुवादक मग स्वतःच्या अंदाजाने एखादा ‘पण’ किंवा ‘माणसे’ असा शब्द घालून वाक्य सावरतो, आणि मूळ गोष्ट तिथेच बदलते.

इटालियनवरून थेट आलो तर मराठीला अजिबात अडचण नाही : ‘पत्र वाचून होताच तो माणूस उठला, खिडकीशी गेला आणि त्याने समुद्राकडे पाहिले. होड्या सूर्यास्ताला परत येत. त्या संध्याकाळी कोणीच परतले नाही.’ वर्सोव्याच्या कोळीवाड्यातल्या कोणालाही हे वाचून दाखवा. ‘परत येत’ आणि ‘परतले नाही’ यांतला फरक सांगावा लागणार नाही.

मराठीकडे नेमके काय आहे?

शाळेत आपण याला रीतिभूतकाळ म्हणून शिकतो. ‘तो रोज फिरायला जाई’, ‘आई ओवी म्हणे’, ‘होड्या परत येत’. सवयीच्या भूतकाळासाठी मराठीने हे स्वतंत्र रूप राखले आहे. शिवाय ‘जात असे’ आहे आणि बोलण्यातले ‘जायचा’ आहे. चालू क्रियेसाठी ‘जात होता’ आहे. म्हणजे इटालियनचा एक इम्पेर्फेत्तो मराठीत तीन वाटांनी येऊ शकतो. वर्णन असेल तर ‘होते’, क्रिया चालू असेल तर ‘लिहीत होता’, सवय असेल तर ‘लिही’, ‘लिहीत असे’ किंवा ‘लिहायचा’. अनुवादकाला दर वेळी निवड करावी लागते, पण निवडीसाठी लागणारी खूण इटालियन वाक्यात आणि त्याच्या आजूबाजूला असते. इंग्रजी मजकुरात ती पुसट झालेली असू शकते.

त्रापास्सातो रेमोतोसाठी तर मराठीकडे इंग्रजीहून सरस साधन आहे. ‘वाचून झाल्यावर’, ‘वाचून होताच’, ‘पोचल्यावर’, ‘पोचताच’. इथे पूर्ण क्रियापद लागतच नाही, तरी आधी काय आणि नंतर काय हे स्वच्छ कळते. ‘जेव्हा त्याने पत्र वाचले होते तेव्हा तो उठला’ हे वाक्य इंग्रजी साच्यातले आहे. कोणतीही आजी असे बोलणार नाही. बारकावाही सांभाळता येतो. ‘पत्र वाचताच उठला’ म्हटले तर वाचताना ताडकन उठल्यासारखे वाटते. ‘वाचून होताच’ म्हटले तर पत्र शेवटपर्यंत वाचले गेले. त्रापास्सातो रेमोतो पूर्णतेवर बोट ठेवतो, म्हणून सहसा दुसरा पर्याय जवळचा.

एक धोका मात्र याच सोयीतून येतो. ‘उठून, खिडकीशी जाऊन, समुद्राकडे पाहून’ अशी ‘ऊन’ची माळ मराठीत सहज ओवली जाते. भूतकाळात सकर्मक क्रियापद आले की ‘तो’चा ‘त्याने’ करावा लागतो. तो टाळायला अनुवादक ‘ऊन’चा आधार घेतात. पण मुळात तीन पास्सातो रेमोतो असतील तर लेखकाने तीन पावले टाकली आहेत. ती एकात गुंडाळली तर गोष्टीची चाल बिघडते. मी स्वतःपुरता एक नियम केला आहे. त्रापास्सातो रेमोतोला ‘ऊन’, ‘ताच’ किंवा ‘ल्यावर’. पास्सातो रेमोतोला पूर्ण क्रियापद. ‘त्याने’ दोनदा आला तरी चालेल.

मराठीत असे पूर्वी झाले आहे का?

इटालियन गद्य मराठीत येण्याचे सर्वात गाजलेले उदाहरण म्हणजे वि. दा. सावरकरांनी लंडनमध्ये असताना केलेला आणि 1907 मध्ये प्रसिद्ध झालेला मॅझिनीचा अनुवाद. मॅझिनीच्या संकलित लेखनाची इटालियन आवृत्ती 1861 पासून निघू लागली आणि त्यासाठी त्याने आत्मचरित्रपर टिपणे लिहिली. 1864 ते 1870 या काळात त्याचे जीवन आणि लेखन इंग्रजीत सहा खंडांत आले. मराठीपर्यंत मॅझिनी पोचला तो या इंग्रजी वाटेने.

त्या पुस्तकाचा हेतू राजकीय होता आणि त्या हेतूसाठी इंग्रजी पुरेशी होती. त्यात दोष काढण्याचे कारण नाही. पण आज कोणी तीच टिपणे नव्याने मराठीत आणायला बसले, तर प्रश्न वेगळा आहे. नोव्हेंबर 1830 मध्ये मॅझिनीला अटक झाली आणि सावोनाच्या किल्ल्यात ठेवण्यात आले. 1831 मध्ये त्याने मार्सेयमध्ये ‘तरुण इटली’ ही संघटना स्थापन केली. अशा आठवणींत एकदा घडलेली घटना आणि तुरुंगातला रोजचा क्रम शेजारी शेजारी येणार. कैद्याने एकदा काय पाहिले आणि तो रोज काय पाही, यातला फरक म्हणजेच तुरुंगवासाचा अनुभव. इंग्रजीतला ‘सॉ’ समोर ठेवून ‘पाहिले’ की ‘पाही’ हे ठरवायला संदर्भाचा अंदाज बांधावा लागतो. इटालियनमध्ये ‘विदी’ आणि ‘वेदेवा’ असे दोन वेगळे शब्दच असतात. आणि मघाचा जुना प्रत्यय इथेही आहे : जुन्या गद्यातला ‘वेदेवा’ म्हणजे ‘तो पाही’ असेलच असे नाही, ‘मी पाही’ही असू शकतो.

भाषा जुनी ठेवायची की आजची?

एकोणिसाव्या शतकातले इटालियन एकोणिसाव्या शतकातल्या मराठीत आणावे, असाही एक विचार ऐकायला मिळतो. मला तो पटत नाही. मान्झोनीचेच पाहा. तो मिलानचा. त्याच्या कादंबरीची पहिली आवृत्ती 1827 मध्ये पूर्ण झाली. मग तो फ्लॉरेन्सला गेला, तिथले जिवंत बोलणे ऐकले आणि सगळी भाषा त्या अंगाने सुधारून 1840 ते 1842 मध्ये नवी आवृत्ती काढली. बोलीजवळ येण्यासाठी ज्याने एवढे कष्ट घेतले, त्याला ‘निबंधमाले’च्या भाषेत बसवणे हा त्याच्यावर अन्याय. कोल्लोदीचा ‘पिनोकिओ’ तर 1881 पासून मुलांच्या साप्ताहिकात हप्त्यांनी आला आणि 1883 मध्ये पुस्तक झाले. त्यातले निवेदन पास्सातो रेमोतोत असले तरी ते मुलांना ऐकवायच्या गोष्टीचे आहे. मराठीतही ते ऐकवता आले पाहिजे.

म्हणून शब्द आजचे ठेवावेत. रीतिभूतकाळ मात्र सोडू नये. आमच्या डिजिटल डेस्कवर ‘जाई, येई, करी’ ही रूपे जवळपास दिसत नाहीत, कारण बातमी एकदा घडलेल्या गोष्टीची असते. पण गोष्टीला सवय सांगावी लागते. ‘येत’ फार पुस्तकी वाटत असेल तर ‘येत असत’ घ्या. मुलांसाठी असेल तर ‘यायच्या’ घ्या. फक्त ‘आल्या’ घेऊ नका.

मर्यादा कोणत्या?

हे कोष्टक डोळे मिटून लावता येत नाही. एकोणिसाव्या शतकातले इटालियन लेखक कधीकधी एकदाच घडलेली घटनाही इम्पेर्फेत्तोत लिहितात, चित्र डोळ्यांसमोर लांबवण्यासाठी. ‘पुढच्या वर्षी तो मरण पावत होता’ असे त्या वाक्याचे शब्दशः रूप होईल. माणूस सवयीने मरत नाही, तेव्हा इथे ‘मरण पावला’ हेच बरोबर. सोबत तारीख किंवा ‘त्या दिवशी’ असे शब्द असतील तर इम्पेर्फेत्तो पाहूनही रीतिभूतकाळाकडे वळू नये. आणि लेखकाने काळांचा मुद्दाम खेळ केला असेल तर मराठीत तो एखाद्या जास्तीच्या शब्दाने भरून काढावा लागेल. काळ बदलून भागणार नाही.

इंग्रजी अनुवाद जवळ ठेवूच नये, असेही माझे म्हणणे नाही. अवघड शब्द, जुनी वस्तू किंवा एखादी म्हण उलगडायला तो हवाच. पण काळ ठरवताना तो मिटून ठेवावा. पानभर क्रियापदे अधोरेखित करावीत, प्रत्येकाशेजारी त्याच्या काळाची खूण करावी आणि मगच मराठी लिहावे. अर्ध्या पानाला मला साधारण एक मुलुंड-दादर फेरी लागते.

त्यानंतर एक परीक्षा उरते. उतारा मोठ्याने वाचून दाखवायचा, व्याकरण न विचारणाऱ्या कोणाला तरी. परवा तेच अर्धे पान पुन्हा लिहून आजीला ऐकवले. ‘होता’ आता दोनच ठिकाणी उरला होता आणि दोन्ही ठिकाणी खरोखर मागची माहिती होती. ती शेवटपर्यंत काही बोलली नाही. संपल्यावर म्हणाली, ‘‘मग पुढे काय झालं?’’